मांजराला भाव किती

दुकानांची सोशल मीडियाची पानं सांभाळणारी ताई नुसत्या आकड्यांना भुलायची नाही. तिचे गिऱ्हाईक असलेल्या गादीवाल्या काकांचे पाय मात्र सध्या जमिनीवर नव्हते. त्यांच्या गादीवर झोपलेल्या मांजराचा व्हिडिओ चाळीस हजार वेळा पाहिला गेला होता, आणि काका ते येईल त्याला ऐकवत होते.

ताई महिन्याचा अहवाल घेऊन आली, तेव्हा काकांनी ऐटीत विचारलं, "मग, मांजरामुळे चौकश्या किती आल्या?"

"दोन. दोघांनाही मांजरच विकत हवंय."

काकांचा चेहरा पडला. मग तिनं अहवालाच्या एका पानावरची दुसरी पोस्ट दाखवली: पाठ दुखत असेल तर गादी कशी निवडावी. जेमतेम सहाशे जणांनी पाहिली होती, पण एकवीस जणांनी भाव विचारला होता आणि नऊ जणांनी दुकानात येऊन गादी बघण्यासाठी नाव नोंदवलं होतं.

"म्हणजे बघणारे वेगळे आणि घेणारे वेगळे," काका म्हणाले.

"अगदी बरोबर."

काकांनी तिचा गुळगुळीत, रंगीत, बावीस पानी अहवाल तळहातावर तोलला.

"दिसायला झकास आहे गं. पण माझ्या कामाचं हे एवढं एकच पान. मग उरलेली एकवीस पानं कुणाचं मांजर?"