यशयामामांचे वीस कण

शेवगावच्या त्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे यशया पागारे, असं समीकरण अठ्ठावीस वर्षं चाललं होतं. शिक्षक आले नि गेले, मामा जागचे हलले नाहीत. कुठली काचपट्टी कुठल्या डब्यात, कुठल्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू ढिला आहे, कुठल्या बाटलीवरचं लेबल खोटं आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. कागदावर ते परिचर होते. पण नवीन आलेले विज्ञानाचे मास्तर पहिल्या आठवड्यात फोकस त्यांच्याकडूनच लावून घ्यायचे, आणि मामाही "व्हय सर, जरा सरका" म्हणत असे काही डोळा लावायचे, की सरांना आपली डिग्री खिशात घालावीशी वाटे. "पागारे मामाचा डोळा" हा शाळेतला ठरलेला शब्द होता. माणसाला एखादी गोष्ट चांगली येते असं फार वर्षं ऐकावं लागलं, की ती गोष्ट गेल्यावर काय करायचं हे त्याला कुणी शिकवत नाही.

डोळा जाऊन दीड वर्ष झालं होतं. साखरेच्या आजारानं डोळ्याच्या पडद्याला सूज आली होती. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की इंजेक्शनं घेऊन आहे ते टिकवता येईल, गेलेलं परत येईलच असं नाही. बाजूचं सगळं दिसायचं. ज्याच्याकडे नीट बघावं, तेवढंच पुसल्यासारखं व्हायचं. हे फक्त मरियाला, त्यांच्या बायकोला, माहीत होतं. शाळेत मामा डबे जागच्या जागी असल्याच्या जोरावर निभावून नेत होते, आणि फोकस लावायची वेळ आली की म्हणत, "लावा तुमीच, शिकायला नको का?" मुलांना वाटायचं मामा कडक झालेत.

अशात नववीतली इन्शा शेख प्रकल्प घेऊन आली. पाणी घातलेल्या दुधाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की त्यातले चरबीचे बारीक कण एका जागी ठरत नाहीत, सारखे थरथरत सरकतात. त्यांना कुणी ढकलताना दिसत नाही. पाण्याचे न दिसणारे रेणूच त्यांना चहूकडून धक्के देत असतात. विज्ञानाच्या स्नेहल मॅडमनी हे वर्गात सांगितलं आणि ते इन्शाच्या डोक्यात बसलं. कण नुसता हलतो एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. तो किती हलतो, हे तिला मोजायचं होतं.

मामांनी तिला मदत केली, आणि खरी मदत केली, हे आधी सांगायला पाहिजे. काच वाळली की सगळे कण एकाच दिशेला वाहू लागतात, म्हणून वरच्या पातळ काचेच्या कडा नेलपॉलिशनं बंद करायच्या, ही युक्ती त्यांची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या नळीवर मोबाईल न हलता बसावा म्हणून जुन्या स्टँडचा चिमटा वाकवून दिला, तोही त्यांनीच. पडद्यावरचं अंतर खऱ्या मापात किती, हे कळायला रेषा आखलेली काचपट्टी हवी होती. रक्तातल्या पेशी मोजायची तसली काच मामांनी ओळखीच्या पॅथॉलॉजीवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणली.

व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं होती. त्यातलं दर तिसावं घ्यायचं, शाळेच्या संगणकावर कण जिथे असेल तिथे माउसनं ठिपका द्यायचा, पुढच्या चित्रावर जायचं. एका कणाचे मिनिटभराचे साठ ठिपके. असे चाळीस कण, दोन काचांवरचे वीस-वीस. इन्शाला पाचची एसटी पकडावी लागे. वीस कण होईपर्यंत डिसेंबर संपत आला, आणि नगरचं जिल्हा विज्ञान प्रदर्शन दहा दिवसांवर आलं. तिथून निवड झाली तर राज्यपातळीवर जायचं होतं. ती रडकुंडीला आली.

"राहिलेले वीस तुमी करता का मामा? दुसऱ्या काचेचे? तुमच्याइतकं बारीक कुणालाच दिसत न्हाई."

या शेवटच्या वाक्यानं घात केला. ते ती बोलली नसती, तर मामा कदाचित नाही म्हणाले असते.

"टाक इथं," ते म्हणाले. "त्यात काय लई मोठं हाय?"

पहिला कण त्यांनी मान वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं बघत कसाबसा नेला. दुसरा बाविसाव्या ठिपक्याला हरवला. करड्या पडद्यावर सगळीकडे धूसर रवा, आणि ज्याकडे बघावं तो नेमका गायब. एक ठिपका अंदाजानं दिला. पुढचाही दिला. मग त्यांना वाटलं, कण कसा हलतो हे आपल्याला कुणी सांगायला हवं का? अठ्ठावीस वर्षं तेच बघत आलोय. जरा इकडे, जरा तिकडे. हाताला ठाऊक आहे. आणि हात चालत राहिला. चार दुपारींत अठरा कण त्यांनी न बघता चालवले. आपण खोटं करतोय असं त्या वेळी त्यांना वाटलं नाही, हीच यातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

इन्शानं आकडे जुळवले तेव्हा तिला शंका आली होती. वेळ दुप्पट केला, की सरकलेल्या अंतराच्या वर्गाची सरासरी दुप्पट व्हायला हवी. आलेखात सरळ रेघ यायला हवी. तिच्या वीस कणांची रेघ सरळ होती. मामांच्या विसांची वर वाकत होती. ती धावत आली. "मामा, दुसऱ्या काचेत दूध वाहत होतं का?"

"काठ नीट बंद झाला नसंल," मामा म्हणाले. आपले अंदाजाचे ठिपके त्यांना आता आठवले, पण ते काचा पुसत राहिले.

तिनं तपासलं. वाहत असतं तर सगळे कण एकाच बाजूला गेले असते, आणि इथे तर प्रत्येकाची वेगळीच दिशा होती. उलगडा होईना. पण मामांनी दिलेल्या ठिपक्यांवर अविश्वास दाखवायचं तिच्या मनातही आलं नाही. दोन्ही गट तिनं एकत्र केले, तक्त्यावर चाळीसही वाटा काढल्या आणि खाली दोघांची नावं घातली. मॅडम म्हणाल्या होत्या, मदतीचे आभार वेगळे लिही. हिनं ऐकलं नाही.

नगरच्या त्या हॉलमध्ये परीक्षक म्हणून भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक होते. सौम्य माणूस. आधी त्यांनी तिला मनापासून शाबासकी दिली. नेलपॉलिश ऐकून हसले. मग तक्त्याच्या उजव्या अर्ध्या भागापाशी थांबले आणि एकेका वाटेवरून बोट फिरवत गेले.

"हे बघ," ते म्हणाले, "खऱ्या कणाला आठवण नसते. मागच्या सेकंदाला कुठे गेलो होतो हे त्याला माहीत नसतं. तो मध्येच उलटा फिरतो, कधी जागचा हलत नाही, कधी मोठी उडी मारतो. तुझे पहिले वीस तसेच आहेत. पण हे पुढचे? सगळी पावलं सारखी. हळूच वळतात, माघारी कुणी येतच नाही. हे कणानं काढलेलं नाही. हे माणसाच्या हातानं काढलंय. एकवीस ते चाळीस कुणी केले?"

मामा सूक्ष्मदर्शकाची पेटी हातात धरून मागेच उभे होते. इन्शानं वळून त्यांच्याकडे बघितलं. बघताना तिच्या लक्षात आलं. फोकस का लावत नव्हते, लेबलं मुलांकडून का वाचून घेत होते, मान वाकडी करून का बघत होते, सगळं एका क्षणात. तिचा चेहरा मामांना नीट दिसला नाही. पण ती किती वेळ बघत राहिली, ते कळलं.

मग ती परीक्षकांकडे वळली. "ते माझे आहेत सर. मला घाई झाली होती. पहिले वीस मामांचे."

मी केलं, एवढे दोनच शब्द मामांना बोलायचे होते. अठ्ठावीस वर्षांचं नाव, चार वर्षांवर आलेली निवृत्ती, शेजारी उभ्या मॅडम, सगळं आडवं आलं. एक दम गेला, दुसरा गेला, आणि बोलायची वेळ निघून गेली.

परीक्षकांनी मान हलवली. "बाळ, चुकलेला आकडा चालतो. बनवलेला चालत नाही. मला हा प्रकल्प बाहेर ठेवावा लागेल." आणि जाताना त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, तुमची नजर पक्की आहे हो. पोरीला जरा शिकवा."

तो हात मामांना अजून खांद्यावर जाणवतो.

परतीच्या जीपमध्ये मॅडम इन्शाशी एक अक्षर बोलल्या नाहीत. सोमवारी मामा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं, डोळ्यासकट. मॅडमनी तिथल्या तिथे परीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, वाईट वाटलं, पण ठिपके कुणाचेही असोत, खोटेच होते. निकाल बदलत नाही. मॅडमनी इन्शाला बोलावून तिची माफी मागितली. मामाही तिची वाट बघत प्रयोगशाळेच्या दारात थांबले होते.

"मी लई वाईट केलं गं तुझं," ते म्हणाले.

तिला तोवर रडू आलं नव्हतं. आता आलं. "दिसत नव्हतं तर सांगायचं ना मामा. मी केले असते सगळे. एसटी सोडली असती एखाद्या दिवशी." बाहीनं नाक पुसलं. "मी शेजारी बसून तुमाला वाचून दाखवलं असतं."

रागावली असती तर मामांनी ते सोसलं असतं. हे त्यांना सोसवलं नाही. ती गेल्यावर ते स्टुलावर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडले. मुलीचं एक वर्ष त्यांनी खाल्लं होतं. दहावीच्या वर्षाला प्रकल्प नको, असं तिच्या अब्बांनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे पुढचं वर्ष नव्हतंच.

जानेवारीत मामांनी अर्ज देऊन प्रयोगशाळा सोडली. आता ते फाटकावर बसतात. सकाळी मुलांचा लोंढा येतो, सगळे चेहरे पुसट. इन्शा सायकलींच्या बाजूनं येते, त्यांच्यासमोर क्षणभर थांबते आणि म्हणते, "मामा, मी इन्शा." आंधळ्या माणसाला सांगावं तसं. अगदी मायेनं.

तिची चाल त्यांना लांबूनच ओळखू येते, तेवढं अजून दिसतं. पण ते तसं कधी सांगत नाहीत. "व्हय पोरी, ये," एवढंच म्हणतात, आणि ती आत जाते.