चौथीची सावड

मला आकडे कधी घाबरवत नाहीत. आयुष्य रक्ताच्या नळ्या मोजण्यात गेलं. पण आपणच लिहिलेले आकडे आपल्यालाच उलटं बोलायला लागले की डोकं कसं गरगरतं, ते मी पन्नाशीला शिकले.

शहापूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी लॅबची इनचार्ज. मुरबाडला आमची छोटी शाखा आहे, तिथले नमुने रोज जीपने आमच्याकडे येतात. लॅबमध्ये आम्ही चौघी. मी आणि आणखी दोघी कायम. चौथी किन्हवलीकडची मुलगी, कंत्राटावर, सहा सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. तिसऱ्यांदा तिची ऑर्डर संपत आली होती. यावेळी वरून निरोप आला की कंत्राट वाढवणार नाही. पाहिजे तर कायम पद मागा, पण ते का पाहिजे ते कागदावर पटवून द्या. मुदत महिन्याची.

आता माझी अडचण ऐका. त्याच्या आदल्याच महिन्यात तिला कल्याणच्या एका लॅबने बोलावलं होतं. ती मला विचारायला आली आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "जाऊ नको गो, तुझं इथंच पक्कं करते." तिने फोन करून त्यांना नकार कळवला. म्हणजे पद मिळालं नाही तर तिचं इथलंही जाणार आणि तिथलंही गेलेलं. तेही माझ्या जिभेमुळे.

प्रशासक साहेबांनी मेलवर अर्जाचा नमुना पाठवला. सध्याचं काम किती, माणसं किती, कमी किती पडतं, नवीन माणसाचा खर्च किती, आणि माणूस नाही दिलं तर नुकसान काय. मी नमुना वाचला आणि म्हटलं, हे तर सोपं आहे. फाजील आत्मविश्वास, दुसरं काय!

आठवडाभर मी हातात घड्याळ घेऊन बसले. नमुना घेणं, नळीवर चिठ्ठी लावणं, मशीनला लावणं, निकाल उतरवणं, सगळं मिळून एका नमुन्याला सरासरी तेरा मिनिटं. ड्यूटी आठ तासांची, साडेआठ ते साडेचार. त्यातला अर्धा तास जेवण, तासभर सकाळची मशीनची तपासणी आणि साफसफाई. उरली तीनशे नव्वद मिनिटं. रोजचे नमुने एकशेवीसच्या आसपास. एकशेवीस गुणिले तेरा, भागिले तीनशे नव्वद. बरोब्बर चार. मला तर नाचावंसं वाटलं. चार माणसांचं काम, कायम तिघी. एक कमी. त्यात रजा धरल्या तर जास्तच.

खर्चही मांडला. कायम माणसाचा पगार आणि भविष्य निर्वाह निधी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला कंत्राटदाराचं कमिशन, आणि माणूस नसेल तर बाहेरच्या लॅबला पाठवावे लागणारे नमुने. फरक थोडा होता आणि तो आमच्या बाजूने होता. पुरावा म्हणून वर्षभराची कामाची नोंदवही ऑफिसातल्या क्लार्ककडे दिली. त्याने ती संगणकात चढवली, हजेरीच्या अंगठ्यांच्या नोंदीला जोडली आणि सगळं साहेबांकडे पाठवलं.

चार दिवसांनी साहेबांचं बोलावणं आलं.

त्यांच्यापुढे माझा कागद होता आणि त्यावर लाल पेनने गोल केलेले. साहेब तसे शांत माणूस. म्हणाले, "मॅडम, तुमचा कागद सांगतो चार माणसं पाहिजेत. तुमचीच नोंदवही सांगते तिघींत भागतं."

"कसं काय?" मी म्हटलं.

"जुलैमध्ये वीस दिवस एक एक जण रजेवर. तरी रोज एकशेवीस नमुने त्याच दिवशी पूर्ण. अंगठे साडेचारला उठलेले. मग चौथी कशाला?"

साहेबांनी पान उलटलं.

"आणि हे बघा. एकवीस तारखेला तुम्ही स्वतः रजेवर होता. तुमच्या नावावर तीस तपासण्या आहेत. घरून केल्या का?"

काय सांगू? एकवीस तारखेला मी गुडघाभर चिखलात होते. आमच्याकडे लावणीला मजूर मिळत नाही, आम्ही सावड करतो. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. आणि आमच्या तिघींची ती सवय शेतातून लॅबमध्ये कधी शिरली ते आम्हालाही कळलं नव्हतं. एक लावणीला गेली की बाकीच्या तिचं काम उचलायच्या आणि नोंदवहीत तिच्याच नावावर लिहायच्या. कारण आधीचे प्रशासक महिन्याचे आकडे बघून पगारवाढ ठरवायचे. रजेमुळे कोणाचा आकडा पडू नये, एवढंच. रजा खरी, काम खरं, फक्त नाव दुसरं. त्यात कोणाला काही गैर वाटलंच नव्हतं.

आणि साडेचारचे अंगठे? त्या आधीच्या साहेबांनी एकदा जादा वेळेवरून आरडाओरडा केला होता. तेव्हापासून आम्ही साडेचारला अंगठा लावायचो आणि परत येऊन बसायचो. ही युक्ती माझीच.

"शेवटचं," साहेब म्हणाले. "हे पद तुम्ही जिच्यासाठी मागताय, त्या मुलीचा आकडा चौघींत सगळ्यात कमी आहे. बाकीच्यांच्या निम्मा. उद्या ट्रस्टींनी विचारलं तर मी काय सांगू?"

ती तर दिवसभर खुर्चीला टेकत नाही! मला काहीच उमगेना. मी "बघते साहेब" म्हणून बाहेर आले.

घरी जाताना मुरबाडच्या गाडीत मी बोटांवर हिशेब करत होते. चार पाहिजेत हे खरं. तिघींनी केलं हेही खरं. ती सगळ्यात जास्त राबते हे मी डोळ्यांनी बघितलेलं. तिचा आकडा सगळ्यात कमी हे कागदावर. शेजारची बाई दोनदा म्हणाली, "ताई, तुमचा स्टॉप गेला ना." गेलाच होता. तीन किलोमीटर उलट चालत आले.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तांदूळ पाखडत होता. म्हणाला, "तुमी बाया येवढं करता, मंग कागदावर का नाय?"

"तेच तर कळत नाय!" मी त्याच्यावर ओरडले. बिचारा परत तांदूळ पाखडायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी मूळ नोंदवही परत मागवली. संगणकात सगळी अक्षरं सारखीच दिसतात, वहीत तसं नसतं. जुलैचं पान उघडलं. माझं नाव, माझ्या नावापुढे तीस ओळी. अक्षर तिचं. त्या कंत्राटी मुलीचं. गोल, लहान, शाळेत शिकवल्यासारखं. पुढचं पान, दुसऱ्या बाईचं नाव, पण अक्षर तिचं. तिसरीचं नाव. तिचंच. लावणीचा महिना सोडून कापणीचा उघडला. तेच. एखादी दवाखान्यातून लग्नाला गेली, तेव्हाही तेच.

आम्ही एकमेकींची सावड फेडली होती. मी हिच्यासाठी केलं, हिने माझ्यासाठी. पण त्या मुलीच्या घरी शेतच नव्हतं. कंत्राटावर असल्याने तिला पगारी रजाही नव्हती, म्हणून ती कधी गेलीच नाही. तिचं कोणी फेडायचं? आणि मला आठवलं, पहिल्याच वर्षी तिने विचारलं होतं, "ताई, हे माझ्या नावावर लिहू का?" आणि मी म्हणाले होते, "तुझं नाव कोण बघतंय? आमच्या नावावर लिही." मी तिथेच स्टुलावर बसले. लाज वाटली. नुसती वाटली नाही, चांगली झोंबली.

साडेचारनंतरचं काम मात्र एका ठिकाणी खरं होतं. मशीन. त्याला सावड माहीत नाही. ते प्रत्येक निकालावर वेळ छापतं. मी जुलैचे निकाल काढले. पाच वाजून दहा. पाच चाळीस. सहा तीस. रजेच्या प्रत्येक दिवशी शेवटचा नमुना साडेसहाच्या पुढे. एकशेवीस नमुन्यांना तिघींना पडतात प्रत्येकी पाचशेवीस मिनिटं. ड्यूटीत मिळतात तीनशे नव्वद. वरची एकशेतीस, म्हणजे दोन तास दहा मिनिटं. साडेचार अधिक दोन तास दहा. सगळं जुळलं. तिघींत काम होतं ते असं होतं.

मग मी बाकीच्या दोघींना बसवलं. म्हटलं, खरं लिहायचं तर आपले आकडे खाली जातील, आपली चुकीची नोंद उघडी पडेल. एक म्हणाली, "पगारवाढ अडली तर?" दुसरी म्हणाली, "आणि ती गेली तर पुढच्या लावणीला काय?" शेवटी पहिलीनेच वही पुढे ओढली आणि आपल्या नावापुढच्या परक्या अक्षरावर पेन्सिलीने खुणा करायला लागली. तीन दिवस आम्ही खुणा केल्या.

नवा कागद मी स्वतः लिहिला. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की नोंदीतली नावं चुकीची होती, अंगठे खोटे होते आणि दोन्हीची सुरुवात माझ्यापासून झाली. मग अक्षरावरून दुरुस्त केलेले आकडे. तिचा सगळ्यात वर. माझा सगळ्यात खाली. मग मशीनच्या वेळा. मग खर्च, आधी मांडला होता तोच.

साहेबांनी वाचला. बराच वेळ वाचला. म्हणाले, "हा कागद पद मागण्यासाठी आहे की तुमच्यावर कारवाईसाठी?"

"मलाही कळत नाय साहेब," मी म्हटलं. खरंच कळत नव्हतं.

मुदतीच्या आदल्या दिवशी दोन लिफाफे आले. एकात मला लेखी ताकीद आणि त्या वर्षाची वाढ बंद. दुसऱ्यात चौथ्या पदाला मंजुरी, आणि त्यावर तिची नेमणूक. मी दुसरा तिच्या हातात दिला. तिने दोनदा वाचला, घडी घातली, ॲप्रनच्या खिशात ठेवला आणि डोळे पुसत कामाला लागली, कारण मुरबाडच्या नमुन्यांचा डबा आला होता.

त्या दिवशी आमच्यातली एक रजेवर होती. संध्याकाळी ती मुलगी वही घेऊन माझ्याजवळ आली. पेन उघडं.

"ताई, आज कोणाच्या नावावर लिहू?"

"तुझ्या," मी म्हटलं.

"सगळं?"

"तू केलंस ना गो? मग सगळं."

ती तशीच उभी राहिली, पेन वहीवर टेकवून. मग तिने आपलं नाव लिहिलं. पुढच्या ओळीत परत लिहिलं. तिसऱ्या ओळीला थांबून तिने माझ्याकडे पाहिलं, चुकतंय का म्हणून.