नणंदेच्या हातचं पाणी

यजमानांना गाठींचा कॅन्सर झाला. पहिल्या केमोआधी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं, "औषधानं गाठी झपाट्यानं विरघळतील, रक्तात युरिक ॲसिड वाढेल, त्याचे खडे किडनीत अडकतील. म्हणून आधीपासूनच सलाईन, युरिक ॲसिडची गोळी आणि भरपूर पाणी."

माझ्या हातचा पेला ते परत करायचे. पवनीहून नणंद आली, "भाऊ, पेऊन घे," म्हणाली आणि ते घटाघटा प्याले. माझ्या अंगाची आग झाली.

"मी देतो तवा काहून नाई पेत?" मी यजमानांना विचारलं.

"तू रडून रायली ना, मंग घशात उतरत नाई."

केमोनंतरही लघवी मोकळी होत राहिली, रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, किडन्या वाचल्या. नणंद पवनीला परत निघाली तेव्हा मी तिला डबा भरून दिला, पण पोचवायला बसस्टँडवर गेले नाही.