कुकरवरचं नाव

स्कॉलरशिप जमा झाल्यावर मी आईसाठी ऑनलाइन कुकर मागवला. तिनं लगेच वडूजला नेऊन त्यावर माझं नाव घालून आणलं. पुढं झाकणाच्या कडेनं वाफ सुटू लागली. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं कुकर बनावट असल्याचं लिहून दिलं. ते पत्र, बिल आणि फोटो जोडून मी ॲपवर तक्रार केली, पैसे परत मागितले. रिफंड मंजूर झाला, पण कुकर परत द्यायचा होता.

कुरिअरवाला आला तेव्हा आईनं कुकर घासून ठेवला होता.

"आवं, नाव घातलंय, चालंल न्हवं?"

"चालतंय की मावशी."

तो गेल्यावर ती म्हणाली, "माझीच घाई नडली. तुझं नाव खोट्या भांड्यावर गेलं बघ."

स्वस्त बघून तो विक्रेता मीच निवडला होता. मी नुसती मान हलवली.