बाजूला काढलेले दोन लाख

किल्लीकाकांचं दुकान एवढं अरुंद, की आत दोन गिऱ्हाईकं आली तर एकाला श्वास सोडून दुसऱ्याला जागा द्यावी लागे. तिथे बसून त्यांनी उभ्या बाजाराची कुलपं दुरुस्त केली. त्यांच्याकडे गल्लीतल्या निम्म्या घरांच्या किल्ल्यांचे साचे होते आणि कुणाच्या घरातली सुईसुद्धा कधी इकडची तिकडे झाली नव्हती. म्हणून बाजारातल्या व्यापाऱ्यांनी पतसंस्था काढली तेव्हा अध्यक्ष कोण, यावर फारशी चर्चाच झाली नाही. काकांनी नको नको म्हटलं, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

पतसंस्थेचा व्यवहार तसा सोपा. भाजीवाली, शिवणवाली, दुकानातले नोकर पोटाला चिमटा घेऊन ठेवी ठेवतात, त्यांना व्याज द्यायचं. तोच पैसा कुणाला दुकान वाढवायला कर्जाऊ द्यायचा, त्याच्याकडून थोडं जास्त व्याज घ्यायचं. मधल्या फरकात पगार, भाडं, वीज भागवायची आणि उरेल त्यातून थोडं गंगाजळीत टाकून सभासदांना लाभांश द्यायचा. काकांना हे घरखर्चासारखंच वाटे, फक्त घर जरा मोठं.

त्या वर्षी मार्चअखेरच्या हिशेबाचा कागद घेऊन मॅनेजरबाई दुकानातच आल्या. स्टूल एकच होतं. ते त्यांना देऊन काका उभे राहिले.

"कर्जावरचं व्याज येणार बेचाळीस लाख," बाई बोट ठेवत म्हणाल्या. "ठेवीदारांना व्याज द्यायचं एकोणतीस. खर्च सात. उरतात सहा. दहा टक्के लाभांश आरामात निघतो."

"मग तोंड का पाडलंय?"

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "या बेचाळीसमध्ये एक लाख चाळीस हजार तुमच्या व्याह्यांचे आहेत."

व्याह्यांचं फर्निचरचं दुकान. दहा लाखांचं कर्ज, आणि वर्षभरात एक पैसा आला नव्हता. गेल्या वर्षीही नव्हता; तेव्हा नवं-जुनं केलं होतं. म्हणजे नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं व्याजासकट फेडलं असं लिहायचं, की थकबाकी कागदावरून गायब. पतसंस्थांत हे सर्रास चालतं आणि सगळ्यांना ठाऊक असतं.

"यंदाही नवं-जुनं करून टाकू," बाई हळूच म्हणाल्या. "नाहीतर ऑडिटर म्हणणारच, गेल्या वर्षीचा कागद नवा असला तरी कर्ज जुनंच. वीस टक्के तरतूद करा, आणि न येणारं व्याज उत्पन्नात धरू नका."

"म्हणजे दोन लाख बाजूला काढायचे?"

"नफ्यातून. उद्या बुडालंच, तर ठेवीदारांच्या पैशाला हात लागू नये म्हणून. मग लाभांश चार टक्क्यांवर येतो."

काकांनी समोरच्या कुलपात किल्ली फिरवून पाहिली. लेक त्या घरात दिलेली. नाव थकबाकीत आलं की विहीणबाई तिला काय काय ऐकवतील, ते त्यांना तोंडपाठ होतं. पण भाजीवाली दर शनिवारी चुरगळलेल्या नोटा सरळ करून भरायची, तेही त्यांनी पाहिलं होतं. येणारच नाही ते व्याज आलं म्हणून लिहायचं आणि त्यावर लाभांश वाटायचा, म्हणजे तिच्याच ठेवीतून वाटायचा.

"धरू नका ते व्याज," ते म्हणाले. "आणि दोन लाख काढा बाजूला."

व्याह्यांना आधी जाऊन सांगावं, असं मनात आलं. पण तिथे चहा पुढे आला, लेक दारात दिसली, की आपण पाघळणार, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून गेलेच नाहीत. अहवाल छापून घरोघर गेला.

वार्षिक सभा शाळेच्या हॉलमध्ये. काकांना वाटलं होतं, लाभांश घटला म्हणून आरडाओरडा होईल. झालं भलतंच.

चष्म्याचा दुकानदार उभा राहिला. "हे 'संशयित कर्जापोटी तरतूद, दोन लाख' म्हणजे काय हो? कुणाचं कर्ज? तुमच्या व्याह्यांचंच ना?"

"हो."

"म्हणजे आमच्या लाभांशातून तुम्ही व्याह्यांचं कर्ज फेडलंत!"

हॉलमध्ये मधमाश्या उठल्यासारखं झालं. "वा रे न्याय!" कुणीतरी मागून ओरडलं. "आम्हालाही एक व्याही मिळवून द्या असला!"

त्यात भर म्हणून पहिल्या रांगेतून खुद्द व्याही उठले. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर कृतार्थ भाव. हात जोडून म्हणाले, "संस्थेनं माझी अडचण समजून घेतली. व्याह्यांचे उपकार मी विसरणार नाही."

त्यांनाही तसंच वाटलं होतं! तरतूद केली म्हणजे तेवढं सुटलं. मॅनेजरबाईंनी कपाळाला हात लावला.

काका उठले. ज्याच्या हातात गल्लीच्या किल्ल्या, त्याच्याकडे लोक आता खिसेकापूकडे बघावं तसे बघत होते. मिळमिळीत उत्तर दिलं असतं तर नाव गेलं असतं, आणि स्पष्ट दिलं तर लेकीचं घर.

"व्याही, बसा," ते म्हणाले. "कुणाचं काही फेडलेलं नाही. तुमचे दहा लाख आणि वरचं व्याज, सगळं जसंच्या तसं उभं आहे. तुम्ही द्याल याची खात्री संस्थेला उरली नाही, म्हणून आम्ही आमचे दोन लाख बाजूला बांधून ठेवले. तुम्ही भरलेत की ते परत नफ्यात येतील." मग म्हणाले, "वसुलीची नोटीस या आठवड्यात निघेल. सही माझी असेल."

व्याही बसले नाहीत. सरळ दाराबाहेर गेले. हिशेब हात वर करून मंजूर झाले. चष्मेवाल्याचा हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला.

दोन दिवसांनी लेक आली. पाणीही न घेता म्हणाली, "बाबा, तुम्ही केलंत ते बरोबर होतं. पण घरी येऊन आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर ओरडले असते."

"ओरडले असते. पण घरात ओरडले असते! चारचौघांत हात जोडून उभे राहिले नसते." ती रडली नाही. म्हणून काकांना जास्त लागलं. आकडे लपवायचे नाहीत, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. ज्याचे आकडे त्याला गाठायला मात्र ते घाबरले होते.

दुसऱ्या दिवशी ते फर्निचरच्या दुकानात गेले. चहूकडे खुर्च्याच खुर्च्या, पण व्याह्यांनी बसा म्हटलं नाही. ते एका पाटाला रंधा मारत राहिले. काका उभेच.

"आधी यायला हवं होतं मी," काका म्हणाले. "नोटीस मागे घ्यायला आलेलो नाही. तेवढं सांगायला आलो."

रंधा चालूच. मग थांबला.

"अध्यक्ष आलेत की व्याही?"

"आज व्याही."

"मग अध्यक्षांना निरोप द्या. मागचं गोदाम भाड्यानं जातंय. भाडं परस्पर संस्थेत भरायला सांगितलंय." व्याह्यांनी पुन्हा रंधा उचलला. "माझ्या हातातून जाणार नाही आणि तुमच्या हातात येणार नाही. लोकांना बोलायला जागा नको."

"त्यानं व्याजसुद्धा पुरं भागणार नाही," काकांच्या तोंडून निघून गेलं.

"ठाऊक आहे!" व्याही खेकसले. "हिशेब मलाही येतो." मग पायानंच एक स्टूल थोडं पुढे सरकवून पुटपुटले, "पॉलिश ओलं आहे. जपून टेका."