खालच्या वर्तुळाची हाक

छापखान्यात तिला सगळे टिंबताई म्हणायचे. शब्दकोशाच्या पानावर एखादं टिंब निसटलं तरी हिच्या नजरेतून सुटायचं नाही, म्हणून. तीस वर्षं डोळ्यांत तेल घालून मुद्रितं तपासली बाईने. शब्दापुढच्या चौकटी कंसातल्या उच्चाराच्या खुणा मूळ प्रतीशी ताडून पाहायच्या, एवढंच तिचं काम. त्या वाचायच्या कशा, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. आता बोला! मिठाईच्या दुकानात जन्म काढावा आणि बोटही चाटू नये, तसली गत.

तिने तपासलेल्या कोशांत एक कोश डोंगरापलीकडच्या बोलीचा होता. ती तिच्या आईची बोली. लग्न होऊन इकडे आल्यावर लोक हसले, तेव्हापासून आईने ती तोंडातून काढली नाही, लेकीशीसुद्धा नाही. फक्त कोश रचणारे मास्तर घरी आले तेव्हा त्यांना चारशे शब्द सांगितले. मास्तर कधीच वारले, त्यांनी भरलेल्या ध्वनिफिती ओल लागून वाया गेल्या. उरल्या त्या खुणा.

आता आई अंथरुणाला खिळली होती. आठ महिने लेकीला ओळख दिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "दोन-चार दिवस, ताई." टिंबताईला एकच हवं होतं: जाण्याआधी आईने एकदा, फक्त एकदा, ओळखावं. मराठीत हाका मारून घसा बसला होता. तेव्हा तिला कोश आठवला.

भर दुपारी दार लावून, कोश घेऊन ती आईच्या पलंगाशी बसली. पान सापडलं: [ʔəˈluːḁ]. अर्थ दिला होता, 'हाक. आई मुलाला घरी बोलावते ती. तीनदा देतात.'

तिने जमेल तसं वाचलं, "अलुआ!" पहिल्या अक्षरावर जोर, शेवटी खणखणीत आ. आई छताकडे बघत राहिली.

"अगं बाई, खुणांची किल्ली वाच आधी," ती स्वतःवरच खेकसली. कोशाच्या सुरुवातीचं ते पान तिने शंभरदा तपासलं होतं, वाचलं आज. टिंब नसलेलं प्रश्नचिन्ह, म्हणजे घसा क्षणभर बंद करून सोडायचा. उलटा इंग्रजी ई, म्हणजे आखूड, पुसट अ. वरची उभी रेघ आपल्या पुढच्या अक्षरावर जोर द्यायला सांगते, मागच्या नाही. इथेच चुकलं होतं! दोन टिंबं, म्हणजे आधीचा स्वर लांबवायचा. आणि शेवटच्या अक्षराखालचं वर्तुळ? आवाज न लावता, नुसत्या श्वासाने म्हणायचं.

तिने घसा बंद केला, सोडला. अ पुसट, मग लू जोरात, लांब, आणि शेवटचा आ नुसता श्वासात विरलेला.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आवाज तिचा नव्हता. कुणा अनोळखी म्हातारीचा होता, आणि खोलीच्या पलीकडून आल्यासारखा वाटला. आईच्या पापण्या हलल्या.

भीती वाटली, खूप वाटली. पण इतकं जवळ येऊन कोण थांबेल? तिने पुन्हा हाक दिली. आईने मान वळवली. आठ महिन्यांनी वळवली! तिसरी हाक तिने रडत रडतच दिली, पण वर्तुळ सांभाळलं.

आई तिच्याकडे बघून हसली. लख्ख, लहान मुलीसारखी हसली. आणि बारीक, कोवळ्या आवाजात एक शब्द बोलली. लांबवलेला हे, आणि एकदम घसा बंद.

"ओळखलंस ना, आई? काय म्हणालीस?"

आई पुन्हा बोलली नाही, नुसती हसत राहिली. टिंबताईने कोशाच्या पानाच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने ऐकलेलं उतरवलं: ह, ए, दोन टिंबं, बिनटिंबाचं प्रश्नचिन्ह. आयुष्यात पहिल्यांदा ती कानाने ऐकून खुणा लिहीत होती. मग भराभरा पानं उलटली. तीच चार चिन्हं, त्याच क्रमाने, सापडली.

'उत्तर. या हाकेला मूल देतं ते. निघाले गं आई, दार लावू नकोस.'

म्हणजे ओळखलं होतं, पण लेक म्हणून नव्हे. लेकीच्या तोंडून आईला तिची स्वतःची आईच ऐकू आली होती.

तिने पुस्तकातून मान वर केली. आईच्या ओठांवर हसू तसंच होतं. ओठांमधून एक श्वास बाहेर आला, आवाज न लावता, अगदी वर्तुळातल्यासारखा. त्यामागून दुसरा आला नाही.

टिंबताई बराच वेळ तिचा हात धरून बसली. आपल्याला ओळखलं नाही याचं दुःख होतंच, ते ती लपवत नव्हती. मग डोळे पुसून उठली आणि तिने दार सताड उघडलं.