तक्त्याखालचा एकच आकडा

लातूर जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि दुष्काळाचा दुसरा उन्हाळा चालू होता. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्राचा हंगामी अधिव्याख्याता होतो. टंकयंत्रावर आकड्यांचा तक्ता सुबक बसवणारा विभागात मी एकटाच, आणि याचा मला वाजवीपेक्षा जास्त माज होता. एखाद्या आकड्याचं दशांश चिन्ह वरच्या चिन्हाच्या बरोबर खाली आलं नाही तर मी अख्खा कागद फाडून नवा घालायचो. सहकारी हसायचे, पण स्वतःचे तक्ते घेऊन माझ्याकडेच यायचे.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळेच सर म्हणत, तेव्हा एक लेख लिहीत होते. पाणी किती लांबून आणावं लागतं आणि त्या घरातल्या मुली शाळेत किती दिवस गैरहजर राहतात, यांचा संबंध त्यांना रिग्रेशनने, म्हणजे एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो ते मोजणाऱ्या गणिताने, तपासायचा होता. उमरी आणि बिलोलीकडच्या गावांची पाहणी आम्ही केली. नव्या जिल्ह्यातली, अहमदपूरकडची सहा गावं एका शिक्षिकाबाईंनी केली. त्यांना आम्ही ताई म्हणायचो. बापाने बाबासाहेबांचं नाव घेऊन पोरींना शिकवलं, असं त्या अभिमानाने सांगत. विहिरीचं अंतर त्यांनी कुणाला विचारून लिहिलं नव्हतं. त्यांच्याच शाळेतल्या सातवीच्या एका मुलीसारख्या हंडा घेतलेल्या मुलींबरोबर स्वतः चालून, पावलं मोजून लिहिलं होतं.

सगळी माहिती पुण्याला संगणकावर गेली आणि तिकडून लांबच्या लांब घड्यांचा कागद परत आला. त्यातून मला लेखाचा मुख्य तक्ता बनवायचा होता. डावीकडे घटकांची नावं, वर तीन रकाने. प्रत्येक रकान्यात गुणांक, म्हणजे त्या घटकाचा परिणाम किती, आणि त्याच्या खालच्या ओळीत कंसात प्रमाण त्रुटी, म्हणजे तो आकडा किती डळमळीत आहे त्याचं माप. गुणांक आपल्या त्रुटीच्या दुपटीहून मोठा असला की त्याला तारका, म्हणजे परिणाम खरा धरायचा. सगळ्यात खाली नमुन्यातली घरं किती, आणि मग टिपा. पहिल्या रकान्यात फक्त पाण्याचं अंतर होतं. दुसऱ्यात घरातली माणसं, आईचं शिक्षण वगैरे जोडलं होतं. तिसऱ्यात त्यात भर म्हणून गावातल्या विहिरींची आदल्या वर्षीची पातळी.

पहिल्या दोन रकान्यांत अंतराला ठसठशीत तारका होती. तिसऱ्यात अंतराचा गुणांक शून्याच्या आसपास आला, त्रुटी त्याच्याहून मोठी झाली आणि तारका गेली. सर खूश झाले. म्हणाले, "म्हणजे दोष अंतराचा नाही, विहिरी आटल्याचा आहे. हाच आपला निष्कर्ष."

घरांची संख्या खरं तर प्रत्येक रकान्याखाली वेगळी लिहायची असते. पण पान भरत आलं होतं आणि ती जादाची ओळ मला खुपत होती. पहिल्या रकान्याचा आकडा घेतला आणि टिपेत एकदाच टाकला, तिन्ही रकान्यांसाठी. तक्ता कसा देखणा दिसला! मी तो दोन वेळा हातात धरून लांबून पाहिला, हे सांगायला आज लाज वाटते.

लेख एका नियतकालिकाकडे गेला. तक्त्याची एक प्रत सरांनी पाण्याचे टँकर ठरवणाऱ्या एका समितीकडेही दिली. अहमदपूरकडच्या त्या गावांत टँकर आत न्यायचा की मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर रिकामा करायचा, याचा घोळ तिथे चालला होता. अंतराने शाळेवर फरक पडत नसेल तर फाटाच सोयीचा, असं समितीने ठरवलं.

आठ दिवसांनी ताई नांदेडला आल्या. उन्हाने चेहरा काळवंडलेला. विभागात येऊन बसल्या, पाणी प्यायल्या आणि समितीकडून मिळवलेल्या तक्त्याची घडी माझ्यासमोर उलगडली.

"भाऊ, अंतरानं फरक पडत न्हाई, असं लिव्हलंय का ह्यात?"

मी मोठ्या तोऱ्यात तिसरा रकाना समजावू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ द्या. माझ्या सहा गावच्या विहिरीची मागली पातळी तुमाला कुठून घावली? मला तर मिळाली न्हाई. जुन्या जिल्ह्याचं दप्तर अजून वेगळं झालं न्हाई म्हणून मी ती जागा कोरी ठिवली व्हती."

 मी कपाटातून पुण्याचा कागद काढला. एखाद्या घराची एक जरी जागा कोरी असेल तर संगणक ते घर त्या गणितातून गाळतो, हे मी वर्गात शिकवत होतो. तिसऱ्या गणिताच्या पानावर, कोपऱ्यात, घरांचा खरा आकडा स्पष्ट छापलेला होता. पहिल्यापेक्षा कितीतरी लहान. ताईंची सहाच्या सहा गावं त्यात नव्हती.

आणि उरलेल्या आमच्या गावांत पाणी साधारण सारख्याच अंतरावर होतं. सगळ्यांचंच पाणी जवळजवळ तेवढंच लांब असेल तर अंतराचा परिणाम गणिताला दिसणार कुठून? त्रुटी फुगणारच. लांबची घरं होती ती ताईंची, आणि तीच गळाली होती. तिसऱ्या रकान्याखाली तो लहान आकडा लिहिला असता तर सरांनी तिथेच बोट ठेवलं असतं. मी तो स्वतःच्या हाताने झाकला होता.

मी तोच कागद घेऊन सरांना सांगायला गेलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते कागद पाहून म्हणाले, "दुसरं गणित फक्त उरलेल्या घरांवर पुन्हा करून मागवा. विहिरीची पातळी न घालता." लेख त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहून परत मागवला.

पुण्याहून उत्तर यायला तीन आठवडे लागले. विहिरी न घालताही, नुसत्या उरलेल्या घरांवर, अंतराची तारका नाहीशीच होती. म्हणजे ती विहिरींमुळे गेली नव्हती, ताईंची घरं गळाल्यामुळे गेली होती. सर नवा तक्ता घेऊन स्वतः लातूरला गेले. समितीतल्या लोकांनी नीट ऐकलं, पण टँकरच्या फेऱ्या उन्हाळाभरासाठी नेमून झाल्या होत्या. पाऊस पडेपर्यंत पाणी फाट्यावरच उतरलं.

सुधारलेला लेख पुढच्या वर्षी छापून आला. तक्त्यात आता चार रकाने होते, प्रत्येकाखाली त्याच्या घरांची संख्या, आणि टिपेत सरळ लिहिलं होतं की नव्या जिल्ह्यातली सहा गावं शेवटच्या दोन रकान्यांत नाहीत, का नाहीत, आणि म्हणून अंतराबद्दल त्यावरून काही ठरवू नये. मी एक प्रत घेऊन अहमदपूरला गेलो. ताई स्टँडवर भेटायला आल्या. बाकावर बसून त्यांनी टीप दोनदा वाचली.

"आता बरोबर हाय," त्या म्हणाल्या.

मला धीर आला. मी विचारलं, पावलं मोजताना त्यांच्याबरोबर चालायची ती तेव्हाची सातवीतली मुलगी कशी आहे? यंदा किती दिवस गैरहजर?

ताईंनी प्रत घडी करून पिशवीत ठेवली.

"फाट्याच्या पाण्यापायी शाळा सुटली तिची. ह्या साली पटावर नावच न्हाई, भाऊ. गैरहजर बी लागत न्हाई."